चौथ्या किलोमीटरला पुन्हा तोच गुडघा: कॅडन्स, संपर्कवेळ आणि पाऊल यांपैकी आधी काय बदलायचं

तक्रार अशी. पहिले तीन किलोमीटर काही जाणवत नाही. चौथ्याच्या आसपास गुडघ्याच्या वाटीमागे बोथट दुखायला लागतं. थांबलं की दहा मिनिटांत कमी होतं, पण जिना उतरताना आठवण करून देतं. दोन आठवडे विश्रांती घेतली की पूर्ण जातं आणि पुन्हा धावायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच ठिकाणी हजर. सूज नाही, गुडघा अडकत नाही, बोटाने दाबून "इथेच" असं दाखवता येत नाही.

माझं हे जवळपास वर्षभर चाललं. त्या वर्षात मी तीन चुकीचे उपाय केले आणि एक बरोबर. चुकीचे तिन्ही उपाय ऐकायला इतके पटणारे होते की आजही बरेच जण त्याच क्रमाने ते करताना दिसतात, म्हणून आधी ते सांगतो. आकडे माझे आहेत. वजन ७२ किलो, रोजचा आरामाचा पेस किलोमीटरला ६ मिनिटं, म्हणजे ताशी १० किलोमीटर. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशोब तोच राहील.

पहिली चूक: टाच सोडून चवड्यावर

टाचेवर पाय पडतो म्हणून गुडघा दुखतो, असं कुणीतरी सांगितलं. खालून व्हिडिओ काढला तर खरंच टाच आधी टेकत होती. मग मी ठरवून चवड्यावर धावायला लागलो. दहा दिवसांत गुडघा शांत झाला आणि मी खूश. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा-बारा पावलं टाचेमागचा जाड टेंडन लाकडासारखा कडक लागायला लागला, आणि पोटरी तर दिवसभर ठणकत असे.

झालं काय होतं? टाचेवर उतरलं की जमिनीकडून येणाऱ्या बलाच्या आलेखाला दोन उंचवटे दिसतात. पहिला छोटा आणि टोकदार, पाय टेकल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत. दुसरा मोठा आणि गोलसर, पाय जमिनीवर असण्याच्या मधल्या टप्प्यात. चवड्यावर उतरलं की पहिला उंचवटा बहुतेक वेळा नाहीसा होतो, आणि "धक्काच गेला" असं वाटतं. पण वाटीमागचा दाब सर्वांत जास्त असतो तो दुसऱ्या उंचवट्याच्या वेळी, जेव्हा गुडघा सर्वांत जास्त वाकलेला असतो आणि मांडीचा पुढचा स्नायू अंगाचा भार तोलून धरत असतो. तो मोठा उंचवटा चवड्यावर उतरल्याने जात नाही.

मग गुडघ्याला आराम का पडला? कारण काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. चवडा आधी टेकला की टाच खाली येईपर्यंत पोटरीला ब्रेकसारखं ताणत-ताणत भार उतरवावा लागतो, आणि तो सगळा ताण टाचेमागच्या टेंडनमधून जातो. धावताना त्या टेंडनवर एरवीही शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहून जास्त बल येतं. त्यात मी एका झटक्यात भर घातली, तीही रोज आठ किलोमीटर. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतो, टेंडनला महिने लागतात. माझी पोटरी सावरत होती, टेंडन मागे राहिला.

म्हणून पाऊल कसं पडतं हा प्रश्न चूक-बरोबरचा नाही. भार गुडघ्याकडे जास्त जाईल की घोट्याकडे, एवढंच त्याने ठरतं. जपानमधल्या एका अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या खुणेपाशी धावपटूंचं चित्रण करून २००७ साली निष्कर्ष छापून आले. ते सगळे वेगवान धावपटू होते, आणि त्यांतले साधारण ७५ टक्के टाचेवरच उतरत होते. टाचेवर उतरणं हा रोग असता तर ते लोक तिथवर पोचले नसते.

टाच दोन तऱ्हेने टेकते, हे मात्र मला फार उशिरा कळलं. ते पुढे सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच दडलेली होती.

दुसरी चूक: घड्याळातली संपर्कवेळ कमी करायची

टेंडन बरा होईपर्यंत मी नवीन घड्याळ आणि छातीचा पट्टा घेतला. धावून आल्यावर स्क्रीनवर `GCT` नावाचा आकडा दिसायचा, २८३ ms. म्हणजे एक पाय एका वेळी जमिनीवर किती मिलिसेकंद असतो ते. बाजूला रंगीत पट्टी, आणि माझा आकडा नारिंगी भागात. चांगले धावपटू २०० च्या आसपास किंवा त्याखाली असतात हे वाचलं होतं. मग काय, जमीन तापलेला तवा आहे असं समजून पाय झटकन उचलायला लागलो. आठवड्याभरात आकडा २५० वर आला.

माझ्याबरोबर धावणारा मित्र मागून म्हणाला, "अरे, तू धावत नाहीयेस, उड्या मारतोयस." मला राग आला, पण त्याचं म्हणणं हिशोबाने तपासता येतं. हा हिशोब एकदा स्वतः केला की हा आकडा पुन्हा कधी चकवत नाही.

सपाट जमिनीवर एका वेगाने धावताना तुम्ही पावलागणिक वरही चढत नाही आणि खालीही जात नाही. याचा अर्थ, एका पावलाच्या पूर्ण वेळेची सरासरी काढली तर जमीन तुम्हाला नेमकी तुमच्या वजनाइतकीच वर ढकलते. पण पाय जमिनीवर असतो तेव्हाच ती ढकलू शकते. हवेत असताना बल शून्य. म्हणून हवेतल्या वेळेची भरपाई जमिनीवरच्या वेळेत करावी लागते:

```
सरासरी बल = वजन × (पावलाची पूर्ण वेळ ÷ संपर्कवेळ)
```

माझा कॅडन्स मिनिटाला १५६ पावलं होता. ६० सेकंद भागिले १५६, म्हणजे एका पावलाला ३८५ मिलिसेकंद. संपर्कवेळ २८३ असताना ३८५ भागिले २८३, म्हणजे वजनाच्या १.३६ पट सरासरी बल. आलेख कमानीसारखा धरला तर सर्वोच्च बल सरासरीच्या साधारण १.५७ पट निघतं. म्हणजे वजनाच्या २.१४ पट, माझ्या बाबतीत सुमारे १५४ किलो.

आता कॅडन्स तोच, १५६, आणि संपर्कवेळ ओढूनताणून २५०. ३८५ भागिले २५०, म्हणजे सरासरी १.५४ पट आणि सर्वोच्च सुमारे २.४२ पट. १७४ किलो. प्रत्येक पावलाला वीस किलोची भर मी स्वतःच्या हाताने घातली होती. हवेतला वेळ १०२ वरून १३५ मिलिसेकंदांवर गेला, आणि त्या काळात शरीर जेवढं वर उचललं जातं ते सव्वा सेंटिमीटरवरून सव्वादोन सेंटिमीटरच्या घरात. मित्राला ज्या उड्या दिसल्या त्या ह्याच. गुडघा अर्थातच परत आला, या वेळी तिसऱ्या किलोमीटरला.

मग चांगल्या धावपटूंची संपर्कवेळ कमी का असते? ते वेगाने धावत असतात म्हणून. वेग वाढला की शरीर पायावरून लवकर पुढे सरकतं आणि संपर्कवेळ आपोआप घटते. तुम्ही स्वतः जोरात धावलात तर तुमचीही घटेल. आरामाच्या पेसला २४० ते ३०० मिलिसेकंद हे अगदी नेहमीचं आहे. कॅडन्स आणि वेग न बदलता हा आकडा खाली आणायचा म्हणजे एकच मार्ग उरतो, जास्त उंच उडायचं.

(मनगटातल्या घड्याळाने दिलेली संपर्कवेळ हा हाताच्या हालचालीवरून बांधलेला अंदाज असतो. छातीचा किंवा कमरेचा सेन्सर बरा. पण दोन वेगळ्या यंत्रांच्या आकड्यांची तुलना करू नका, एकाच यंत्राचा आजचा आणि महिन्याभरानंतरचा आकडा बघा.)

तिसरी चूक: थेट १८०

कॅडन्स मिनिटाला १८० हवाच, असं सगळे सांगतात. हा आकडा कुठून आला ते माहीत असलेलं बरं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. मोजणी झाली ती शर्यतीत, ऑलिंपिक दर्जाच्या वेगाला. त्याचा कुणा ७२ किलोच्या माणसाच्या सहा मिनिटांच्या पेसशी संबंध नव्हता, पण आकडा गोल आणि लक्षात राहणारा, म्हणून तो सगळीकडे पसरला.

मी ठोके वाजवणारा मेट्रोनोम १८० वर लावला. १५६ वरून १८० म्हणजे १५ टक्क्यांची उडी. एका किलोमीटरमध्ये धाप लागली आणि पायांची लय जमेना. शरीर स्वतःहून निवडतं तो कॅडन्स कमी दमणुकीच्या कॅडन्सच्या बऱ्यापैकी जवळ असतो. त्यापासून थोडं सरकलं तर फारसं बिघडत नाही, फार दूर गेलं की त्याच वेगाला जास्त प्राणवायू लागायला लागतो. दिशा बरोबर होती, माप चुकलं होतं.

खरं कारण कुठे होतं

अखेर व्हिडिओ नीट काढला. ट्रेडमिलवर, बाजूने, मोबाइल कमरेच्या उंचीवर स्टँडला लावून, सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये. हा व्हिडिओ मेसेजमधून कुणाला पाठवू नका. पाठवताना तो दाबला जातो आणि चौकटी गळतात. ज्या फोनवर काढला त्यावरच, एकेक चौकट पुढे सरकवता येईल अशा ऍपमध्ये बघा.

मग पाय पहिल्यांदा पट्ट्याला टेकतो ती एकच चौकट थांबवा. टाच की चवडा हे सध्या विसरा. घोटा गुडघ्याच्या नेमका खाली आहे की पुढे, एवढंच बघा.

माझा घोटा गुडघ्याच्या चांगला पुढे होता. नडगी मागे कललेली, गुडघा जवळजवळ सरळ, बुटाचा पुढचा भाग आकाशाकडे. म्हणजे पाय लांबवर टाकून मी प्रत्येक पावलाला स्वतःला आधी थांबवत होतो आणि मग पुन्हा ढकलत होतो. टाच दोन तऱ्हेने टेकते म्हणालो ते हेच. एक टाच अशी लांब पुढे, सरळ पायावर. दुसरी टाच अंगाखाली, नडगी जवळपास उभी, गुडघा थोडा मोकळा. दोन्ही घड्याळाला किंवा झिजलेल्या तळव्याला सारख्याच दिसतात. गुडघ्याला मात्र फरक कळतो.

त्याच व्हिडिओत चौकटी मोजल्या तर संपर्कवेळही मिळते. टेकण्यापासून सुटण्यापर्यंत ६८ चौकटी, प्रत्येक ४.१७ मिलिसेकंदांची, म्हणजे २८३. छातीच्या पट्ट्याचा आकडा खरा होता, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

पाय लांब का पडत होता? वेग म्हणजे कॅडन्स गुणिले पावलाची लांबी. ताशी १० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६.७ मीटर. भागिले १५६, म्हणजे १०७ सेंटिमीटरचं पाऊल. वेग तोच ठेवून कॅडन्स १६४ केला तर तेच पाऊल १०२ सेंटिमीटरच्या आत येतं. पाच सेंटिमीटर. ते प्रामुख्याने पुढच्या बाजूने कमी झाले तर घोटा गुडघ्याखाली यायला तेवढे पुरतात.

इथे एक गंमत आहे, जी मला आधी पटली नव्हती. वरचं सूत्र नव्या आकड्यांना लावून बघा. १६४ ला पावलाची वेळ ३६६ मिलिसेकंद. नंतर मोजली तेव्हा माझी संपर्कवेळ २७१ भरली (६५ चौकटी). ३६६ भागिले २७१, म्हणजे १.३५. आधी १.३६ होतं. म्हणजे जमिनीकडून वर येणारं बल जवळजवळ तेवढंच राहिलं! तरीही गुडघा शांत झाला, कारण गुडघ्याला नुसतं बल किती हे दुखवत नाही. ते बल गुडघ्यापासून किती लांबून जातं आणि गुडघा किती वाकतो, यावर मांडीच्या स्नायूची ओढ ठरते, आणि ती ओढ वाटीला मांडीच्या हाडावर दाबते. पाय अंगाजवळ पडला की गुडघ्याला कमी वाकावं लागतं आणि तो आडवा ब्रेकही कमी लागतो.

२०११ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने ४५ धावपटूंवर हेच मोजलं. वेग कायम ठेवून कॅडन्स ५ टक्क्यांनी वाढवला तेव्हा गुडघ्याने शोषलेली ऊर्जा पावलामागे साधारण २० टक्क्यांनी घटली, आणि १० टक्क्यांना साधारण ३४ टक्क्यांनी. कुणी म्हणेल, पावलं वाढली ना? वाढली. माझ्या पेसला किलोमीटरमागे ९३६ ची ९८४ झाली. पण प्रत्येक पावलाला ८० टक्के आणि पावलं १.०५ पट धरली तर किलोमीटरमागे ८४ टक्के उरतात. तरीही सोळा टक्क्यांची बचत.

काय केलं, क्रमाने

आधी खरा कॅडन्स मोजला. दहा मिनिटं धावून अंग गरम झाल्यावर, नेहमीच्या आरामाच्या पेसला, ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून त्याला चारने गुणायचं. माझा ३९ वेळा, म्हणजे १५६. काही ऍप एकाच पायाची पावलं दाखवतात, तिथे ७८ दिसेल. घाबरू नका, दुप्पट करा. मोजणी दुसऱ्या किलोमीटरला एकदा आणि दुखायला लागायच्या सुमारास एकदा, अशी दोनदा करा. माझा पाचव्या किलोमीटरला १५२ वर उतरायचा. दमल्यावर पाय आणखी लांब पडत होता, आणि दुखणं चौथ्यालाच का सुरू होतं याचा अर्धा खुलासा तिथेच मिळाला.

मग ५ टक्के वाढ. १५६ गुणिले १.०५, म्हणजे १६४. मेट्रोनोम १६४ वर लावता येतो, पण मला ८२ वर लावून फक्त उजव्या पायाशी ठोका जुळवणं सोपं गेलं. १६४ चे ठोके कानात गेले की डोकं भणभणतं.

सुरुवात ट्रेडमिलवर करा असं मी आग्रहाने सांगेन, आणि याचं कारण म्हणजे या उपायात सर्वांत जास्त होणारी चूक. रस्त्यावर ठोका वाढवला की माणूस पावलाची लांबी तीच ठेवतो आणि वेग वाढवतो. १०७ सेंटिमीटरचं पाऊल आणि १६४ चा ठोका म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४२ सेकंद. मग धाप लागते, पाय तसाच लांब पडतो, आणि "कॅडन्स वाढवून काही उपयोग झाला नाही" असं म्हणून विषय संपतो. ट्रेडमिलचा पट्टा वेग वाढवू देत नाही, त्यामुळे पाऊल आखूड करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. रस्त्यावर करायचंच असेल तर एक डोळा पेसवर ठेवा. ठोका जुळलाय आणि पेस ६ च आहे, असं दोन्ही एकत्र झालं तरच मोजा.

पहिला आठवडा: एक मिनिट ठोक्याबरोबर, दोन मिनिटं मोकळं, असं सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, एकूण अंतर नेहमीपेक्षा थोडं कमी. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं ठोका, एक मिनिट मोकळं. तिसऱ्यापासून पूर्ण धावणं ठोक्यावर, आणि मग हळूहळू ठोका बंद करून फक्त दर किलोमीटरला अर्धा मिनिट तपासणी. सहाव्या आठवड्यात ठोका न लावता माझी मोजणी १६२ आली.

या काळात मी पाय कसा टेकवायचा याचा अजिबात विचार केला नाही. मनात एकच गोष्ट धरली, पाय अंगाखाली ठेवायचा आणि पाऊल हलकं, बारीक. "गुडघे वर उचल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने उडी वाढते. सहा आठवड्यांनंतरच्या व्हिडिओत माझी टाचच आधी टेकत होती, पण बुटाचं टोक आकाशाकडे नव्हतं आणि घोटा गुडघ्याच्या खाली होता. संपर्कवेळ २८३ ची २७१ झाली ती मी काही न करता. पावलाची वेळच आखूड झाली म्हटल्यावर तिचा जमिनीवरचा हिस्साही आखूड होणारच. आकडा खाली जाणं चांगलं की वाईट, हे कॅडन्सशी ताडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही: दोन्ही बरोबर हलले तर ठीक, संपर्कवेळ एकटीच घसरली तर उड्या चालू आहेत.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

पोटरी दोन दिवसांपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सकाळी टाचेमागे कडकपणा येत असेल, तर तुम्ही नकळत चवड्यावर गेला आहात. आखूड पाऊल टाकताना हे सहज होतं. टाच जमिनीला टेकू द्या, दोन-तीन दिवस अंतर निम्मं करा. कडकपणा पहिल्या काही पावलांतच जात असेल तर इतकं पुरतं, दिवसभर राहत असेल तर ठोक्याचं काम थांबवा.

श्वास वाढला असेल तर आधी पेस तपासा. पेस तोच असून पंधरवड्यानंतरही धाप जास्त लागत असेल तर ५ टक्के तुमच्यासाठी जास्त झाले. ३ टक्क्यांवर या.

खांदे वर चढलेत आणि हात कोपरापासून जोरजोराने हलतायत, तर पाय ठोक्यामागे धावतायत. मेट्रोनोम बंद करा, चालत जा, पुन्हा लावा.

उतारावर हे सगळं लवकर विसरलं जातं. उतारावर पाय आपोआप लांब पडतो आणि गुडघा ब्रेकचं काम करतो, म्हणून बरा झालेला गुडघा पहिल्यांदा तिथेच कुरकुरतो. उतार लागला की मी आजही मुद्दाम ठोका मोजतो.

कधी हा उपाय तुमच्यासाठी नाही

व्हिडिओतल्या त्या थांबवलेल्या चौकटीत घोटा आधीच गुडघ्याखाली असेल, तर पाऊल आणखी आखूड करून फारसं काही हाती लागणार नाही. कॅडन्स १५८ असला तरीही. उंच माणसाचा आणि हळू धावणाऱ्याचा आकडा कमीच असतो, त्यात दोष नाही. अशा वेळी गेल्या महिन्याभरात अंतर किती वाढवलं ते बघा. आठवड्याला २० किलोमीटरवरून ३५ वर उडी मारली असेल तर उत्तर व्हिडिओत सापडायचं नाही.

ज्यांना आधीपासून टाचेमागच्या टेंडनचा किंवा पोटरीचा त्रास आहे त्यांनी पाऊल आखूड करताना टाचेवरच उतरावं. अशा माणसाला चवड्यावर जायला सांगणं म्हणजे आगीत तेल.

आणि दुखणं वाटीमागे पसरट नसून नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारल्यावर चमक मारत असेल, किंवा गुडघा सुजून अडकत असेल, तर कॅडन्स, ठोका, व्हिडिओ सगळं बाजूला ठेवून धावणं बंद आणि डॉक्टरकडे. हाडावरच्या ताणाच्या भेगेला पाऊल आखूड करून चालत नाही, तिला आधी विश्रांतीच लागते.

माझं घड्याळ अजून तेच आहे. `GCT` चा आकडा मी मुख्य स्क्रीनवरून काढून टाकलाय, त्याच्या जागी कॅडन्स आणि पेस शेजारी-शेजारी लावलेत. पाचव्या किलोमीटरला १५६ दिसलं की कळतं, आज दमलोय. मग मी ठोका वाढवत बसत नाही, घरी जातो.